नव्वदचे सेहेचाळीस दिवस

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या ज्या मशिन शॉपमध्ये मी साडेसहा वर्षं क्वालिटीत काम केलं, तिथं नोकरी सोडताना नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. मी सेहेचाळीस दिवसांत सुटले, तेही भांडण न करता. हे कसं जमलं ते आमच्याच भागातल्या दोन-तीन मुलींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. आकडे माझेच आहेत, फक्त सोयीसाठी गोल केलेत.

माझा नवरा पुण्याजवळ चाकणला असतो. मी आणि मुलगा बेळगावात आईबाबांकडे. दर पंधरवड्याला तो रात्रीच्या बसने येणार, रविवारी रात्री परत जाणार. दोन वर्षं असंच चाललं होतं. 2025 च्या जानेवारीत चाकणच्याच एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं. त्यात रुजू होण्याची तारीख होती 3 मार्च. त्यांची नवी लाईन एप्रिलमध्ये सुरू होणार होती, म्हणून त्याआधी माणूस हवा होता. ऑफर आली 15 जानेवारीला. नव्वद दिवस धरले तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडतो. तोवर ते थांबणार नव्हते.

घरात पहिला सल्ला मिळाला तो असा: आईची तब्येत बरी नाही म्हणून सांग, कोण विचारतंय? कामावरच्या एका मैत्रिणीनेही हेच सुचवलं. पण बेळगाव आहे हे. आमच्या साहेबांची मेहुणी शहापुरात आमच्या मामींच्या शेजारी राहते. आई सकाळी भाजी घ्यायला बाहेर पडली की दुपारपर्यंत माझं खोटं उद्यमबागेत पोचलं असतं. आणि समजा खपलं असतं, तरी आईच्या तब्येतीसाठी माणूस रजा मागतो, पुण्याला नोकरी धरत नाही.

त्या रात्री मी नेमणूकपत्र बाहेर काढलं. 2018 साली सही करताना पगाराचा आकडा सोडून काहीच वाचलं नव्हतं. नोटिशीच्या कलमात दोन वाक्यं होती. पहिलं: दोन्ही बाजूंपैकी कुणीही तीन महिन्यांची नोटीस किंवा त्याबदली पगार देऊन करार संपवू शकतो. हे वाचून बरं वाटलं, म्हणजे पैसे भरले की सुटलो. पण दुसऱ्या वाक्यात म्हटलं होतं की कर्मचाऱ्याने नोटिशीऐवजी पगार देऊ केला तर तो स्वीकारायचा की नाही हे व्यवस्थापन ठरवेल. माझ्या मते सगळं प्रकरण या दुसऱ्या वाक्यात आहे. ते असेल तर तुम्ही पैसे टेबलावर ठेवून उठू शकत नाही. पैसे देऊ करणं ही विनंती असते, हक्क नसतो. त्यामुळे पटवायचं होतं ते साहेबांना. एचआरची पाळी नंतरची.

आणखी एक गोष्ट बघितली. ‘पगार’ म्हणजे काय, हे पत्रात कुठंच स्पष्ट केलेलं नव्हतं. माझं बेसिक आणि डीए मिळून 26,000 होतं, सगळे भत्ते धरून 45,000. एका दिवसाचे 867 रुपये की 1,500, यात जमीन-अस्मानाचा फरक. कंपनी मोठाच आकडा धरणार हे गृहीत धरून मी पुढचा हिशेब केला.

तो करत असताना बाबा शेजारी येऊन बसले. ते एका कारखान्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेत, युनियनमध्येही होते. म्हणाले, “पैसे नंतर बघ. रुजू कधी झालीस ती तारीख सांग बघू.”

“3 सप्टेंबर 2018.”

त्यांनी कॅलेंडर काढलं आणि बोटांवर महिने मोजले. “मग 2 मार्चच्या आत बाहेर पडू नको.”

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि माझी तर सहा होऊन गेली होती, म्हणून मी त्याचा विचारच सोडून दिला होता. पण रक्कम काढताना शेवटच्या अपुऱ्या वर्षाला एक नियम आहे. ते सहा महिन्यांहून जास्त भरलं तर पूर्ण वर्ष धरतात, नाही तर सोडून देतात. तेव्हाच्या कायद्याने प्रत्येक वर्षाला शेवटच्या बेसिक-डीएचे पंधरा दिवस मिळायचे, महिना सव्वीस दिवसांचा धरून. माझ्या बाबतीत 26,000 भागिले 26 गुणिले 15, म्हणजे वर्षाला बरोबर 15,000. मी 28 फेब्रुवारीला सुटले असते तर नोकरी भरली असती सहा वर्षं पाच महिने आणि काही दिवस, म्हणजे सहाच वर्षं, 90,000. पूर्ण नव्वद दिवस काढले असते तर सात वर्षं, 1,05,000. नोटीस कमी करून घेण्याच्या घाईत पंधरा हजार रुपये तिथंच सांडले असते आणि मला कळलंही नसतं. मी कंपनीच्या दारात उभी राहून दिवस कमी करा म्हणत होते, आणि इकडे मलाच आठवडाभर जास्त थांबायचं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आधी चाकणच्या कंपनीला फोन केला. 3 मार्चऐवजी 10 मार्च, सोमवार, चालेल का? तिथल्या बाई म्हणाल्या एक आठवडा चालेल, त्यापुढे नाही. नोटिशीचे पैसे कापले गेले तर तुम्ही भरून देता का, हेही त्याच फोनवर विचारलं. विचारायला संकोच वाटत होता, पण त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. तीस दिवसांच्या पगारापर्यंत देऊ, जुन्या कंपनीच्या अंतिम हिशेबात कपात दिसली पाहिजे, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत घेऊ, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, हे मेलवर द्या. दिलं.

आता मागायची तारीख ठरली: 7 मार्च, शुक्रवार. 20 जानेवारीला राजीनामा दिला तर सेहेचाळीस दिवस. उरतात चव्वेचाळीस.

शनिवारी 18 तारखेला पहिली शिफ्ट सुटल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मेल आधी पाठवायचा नाही हे मी ठरवलं होतं. आमचे साहेब गोकाककडचे, कानडी, आमच्याशी मराठीतच बोलतात. एखादी गोष्ट मेलवर आधी समजली की त्यांना वाटतं माणूस पाठीमागून आला. आणि मेल वर गेला की त्यांनाही वरच्यांना दाखवण्यापुरतं कडक व्हावं लागतं. हे सहा वर्षांत पाहिलेलं.

मी सरळ सांगितलं. चाकणला नोकरी मिळाली आहे, नवरा तिथंच आहे, मुलगा चार वर्षांचा झाला, आता एकत्र राहायचं आहे. रुजू व्हायची तारीख 10 मार्च आहे. नव्वद दिवस मला जमणार नाहीत, सेहेचाळीस जमतील.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पहिला प्रश्न आला, “किती देतात?”

इथं आकडा सांगितला असता तर पुढचा अर्धा तास वाढीवर गेला असता. दोन वर्षांपूर्वी आमच्या टूलरूममधल्या एकाचं तसंच झालं होतं. त्याने पगार कमी म्हणून राजीनामा दिला, इथं पगार वाढवून मिळाला, मग सोडायला तोंडच उरलं नाही. मी म्हटलं, “सर, इथं दुप्पट मिळाले तरी घर चाकणलाच आहे.” ते हसले. पगाराचा विषय तिथंच संपला. कारण खरं असल्याचा हा उपयोग झाला. त्याला दुसरा तोडगा निघत नाही.

मग ते खऱ्या अडचणीवर आले. “18 आणि 19 फेब्रुवारीला आयएटीएफचा सर्व्हेलन्स ऑडिट आहे. 28 ला नव्या व्हॉल्व्ह हाउसिंगचा पीपीएपी जायचा आहे. ऑडिटरसमोर कोण उभं राहणार, मी?”

आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. आयएटीएफ 16949 हे गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांचं क्वालिटीचं प्रमाणपत्र. ते टिकवायला ऑडिटर ठरलेल्या मुदतीने येऊन सगळं उलटंपालटं करून बघतो. पीपीएपी म्हणजे नवा भाग नियमित बनवायला घेण्यापूर्वी ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदांची आणि नमुन्यांची भली मोठी फाईल. दोन्हींत गडबड झाली की त्रास साहेबांच्याच डोक्यावर.

मला बोलण्यातून जे समजलं ते असं. त्यांना नव्वद दिवसांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना दोन तारखांची भीती होती आणि दोन्ही तारखा माझ्या 7 मार्चच्या आतच होत्या. मी तसं म्हटलं. “सर, ऑडिटला मीच उभी राहते. पीपीएपी मी पाठवूनच जाते. त्यानंतर एक आठवडा आहेच.”

“आणि त्याच्यानंतर?”

“सोमवारी कागदावर दाखवते.”

“नोडोण,” म्हणाले. बघू. कानडीतला हा ‘नोडोण’ आपल्या ‘बघू’सारखाच, त्यात होकार आहे की नकार ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण नाही म्हटलं नव्हतं.

रविवार त्या कागदात गेला. आधी मी करते ती सगळी कामं लिहून काढली, तेवीस भरली. वहीचं पान भरलेलं बघून मला उगाच मोठेपण वाटलं. मग प्रत्येक कामापुढे लिहिलं, हे माझ्याशिवाय कोण करू शकतं. सतरा कामांपुढे कुणाचं ना कुणाचं नाव आलं. गेजचं कॅलिब्रेशन रजिस्टर, रोजचा रिजेक्शनचा तक्ता, फौंड्रीला ब्लोहोलचे फोटो पाठवणं, हे सगळं कुणीही करतं. जागा रिकामी राहत होती ती फक्त सहा कामांपुढे: पीपीएपीची फाईल, ऑडिटरला उत्तरं देणं, ग्राहकाच्या तक्रारीचा आठ पायऱ्यांचा अहवाल लिहिणं, सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावरचे दोन अवघड प्रोग्राम, आणि पुण्याच्या व कोल्हापूरच्या एकेका ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांशी रोजचं बोलणं.

तेवीस कामांची यादी साहेबांपुढे ठेवली असती तर त्यांना वाटलं असतं, हिला सोडणं अशक्य आहे. म्हणून मी सहाच दाखवली. प्रत्येकापुढे कोण शिकणार, कधीपर्यंत, आणि शिकला हे कशावरून समजायचं. चार कामं माझ्या हाताखालच्या इंजिनीअरकडे. तो बैलहोंगलचा, दोन वर्षं लाईनवर होता, सीएमएम चालवायचा, पण ऑडिटरपुढे कधी गेला नव्हता. दोन ग्राहक साहेबांच्याच ओळखीचे, ते त्यांच्याकडे.

पहिले दोन आठवडे मी करणार, तो बघणार. पुढचे दोन आठवडे तो करणार, मी बघणार. आणि 24, 25 फेब्रुवारीला मी कंपनीत असूनही लाईनवर जाणार नाही. हे शेवटचं साहेबांना फार आवडलं. म्हणाले, ही तर फायर ड्रिल.

मेल सोमवारी सकाळी पाठवला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर मजकूर इतकाच:

“शनिवारी आपल्याशी बोलल्याप्रमाणे मी आज राजीनामा देत आहे. नियमानुसार नोटीस 20 एप्रिलला संपते. कुटुंब चाकणला असल्याने आणि तिथं 10 मार्चला रुजू व्हायचं असल्याने मला 7 मार्च रोजी मुक्त करावं, ही विनंती. फेब्रुवारीतलं ऑडिट आणि व्हॉल्व्ह हाउसिंगचा पीपीएपी मी पूर्ण करीन. कामं सोपवण्याची योजना सोबत जोडली आहे. उरलेल्या चव्वेचाळीस दिवसांपैकी चौदा दिवस माझ्या शिल्लक अर्जित रजेत वळते करावेत. बाकीच्या तीस दिवसांबद्दल नेमणूकपत्राप्रमाणे रक्कम भरायला मी तयार आहे. त्यातले काही दिवस आपल्या अधिकारात माफ करता आले तर आभारी राहीन. 7 मार्च ही तारीख मंजूर असल्यास लेखी कळवावं.”

पैशाचं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं. शनिवारी तर मी पैशाचा शब्दच काढला नव्हता. सुरुवातीलाच “मी पैसे भरते” म्हटलं की समोरच्याला वाटतं ही आपल्याला विकत घेतेय, आणि बोलणं माणसांवरून कलमावर जातं. काम मार्गी लागतंय हे दिसल्यावर तेच वाक्य सभ्यपणाचं वाटतं.

रजेचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे न घेतलेली रजा सोडताना बेसिक-डीएवर विकत घेतात, दिवसाला 1,000 रुपये. चौदा दिवसांचे 14,000 मिळाले असते. पण नोटिशीचा दिवस 1,500 चा. त्यामुळे तीच रजा नोटिशीत वळवली तर 21,000 वाचतात. सगळीकडे कंपन्या अशी वळती करून देतातच असं नाही. काही ठिकाणी नोटिशीच्या काळात रजाच चालत नाही. विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.

आठवडाभर उत्तर नाही. एचआरवाले म्हणायचे साहेबांनी काही कळवलं नाही, साहेब म्हणायचे एचआरकडे आहे. या आठवड्यात मी एक शहाणपणा केला. योजना मंजूर झाल्यासारखंच काम सुरू केलं. 21 जानेवारीपासून तो बैलहोंगलचा पोरगा माझ्या शेजारी बसायला लागला. रोज संध्याकाळी साहेबांना दोन ओळींचा मेल, आज काय दाखवलं, उद्या काय. आठव्या दिवशी ते स्वतःच एचआरमध्ये गेले. 29 जानेवारीला लेखी उत्तर आलं: 7 मार्च मंजूर, रजा वळती करायला मंजुरी, तीस दिवसांची रक्कम एकूण पगारावर, माफीचा विचार पीपीएपी गेल्यानंतर.

हे लेखी येईपर्यंत मी चाकणला पक्की तारीख कळवली नव्हती. तोंडी “जा, काही होत नाही” यावर विसंबून आमच्या भागातल्या एकाने दुसऱ्या कंपनीत पाय ठेवला आणि पहिलीने त्याला न सांगता पळालेला म्हणून नोंदवलं. त्याला अनुभवाचं पत्र मिळवायला वर्ष लागलं.

शिकवण्याच्या कामात माझी फजिती झाली ती सांगायलाच हवी. मी समजत होते की माझं सगळं लिहिलेलं आहे. डायरी होती ना! चार वर्षांची, तारीखवार. पण ती माझ्या मराठीत, माझ्या अक्षरात आणि माझ्या खुणांत. त्या पोराचं शिक्षण कानडीत झालेलं. मराठी फाडफाड बोलतो, देवनागरी वाचताना मात्र अक्षर अक्षर लावतो. त्यात माझं अक्षर. पहिल्याच दिवशी त्याने एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, हे ‘पि. दो. झि. बघ’ म्हणजे काय?” त्या सगळ्या कामाच्या नोंदी इंग्रजीत नव्याने टाईप करण्यात माझ्या सहा संध्याकाळी गेल्या.

आणि ‘पि. दो. झि. बघ’ म्हणजे काय, हे सांगताना मलाच घाम फुटला. पिन दोन झिजली आहे, बघ. जॉब म्हणजे बनवलेला भाग मोजताना घट्ट धरून ठेवणाऱ्या दोन नंबरच्या फिक्स्चरची एक लोकेटिंग पिन झिजली होती. त्यामुळे सीएमएमवर एक भोक दोन शतांश मिलिमीटर सरकलेलं दिसायचं. ते मला ठाऊक होतं, म्हणून रिपोर्ट तसा आला की मी जॉब दुसऱ्या फिक्स्चरवर लावून पुन्हा मोजायची आणि पुढे जायची. किती महिने? सांगत नाही. क्वालिटीवालीनेच असं करावं, आणि तेही ऑडिट महिन्यावर आलेलं असताना. मी गेल्यावर त्या पोराने एक तर चांगले जॉब बाद केले असते, नाहीतर “हा आकडा असाच येतो” म्हणून खरंच सरकलेलं भोकही सोडून दिलं असतं. पिन दुसऱ्या दिवशी बदलली, टूलरूमला काम दोन तासांचं. साहेबांना जाऊन सांगितलं. ते फक्त म्हणाले, “बरं झालं तू चाललीस.” आणि हसले. मीही हसले, पण मनातून लाजले.

ऑडिट नीट पार पडलं, दोन किरकोळ शेरे आले. दुसऱ्या दिवशी मोजमापाच्या प्रश्नांना तोच पोरगा उभा राहिला, मी मागे. एकदा अडखळला, ऑडिटरने वाट बघितली, त्याने फाईल काढली आणि उत्तर दिलं.

24 आणि 25 तारखेला मी ठरल्याप्रमाणे ट्रेनिंग रूममध्ये बसले, पीपीएपीचे कागद घेऊन. फोन आला की आधी लिहायचं आणि मग उचलायचा. पहिल्या दिवशी सात फोन आले. दुसऱ्या दिवशी दोन. सातांतले चार एकाच गोष्टीचे होते. कोल्हापूरच्या ग्राहकाच्या डब्यावरचा शिक्का कुठे असतो, कोणत्या दिवशीची गाडी, चलनाला कोणता कागद जोडायचा. ही गोष्ट माझ्या तेवीस कामांत नव्हतीच. ते काम आहे हेच मला कधी जाणवलं नव्हतं. सहाचं सात झालं. बसून यादी कितीही बारकाईने केली असती तरी ते सुचलं नसतं, बाजूला होऊन बसल्यावरच दिसलं.

28 तारखेला पीपीएपी गेला. 3 मार्चला साहेबांनी बोलावून सांगितलं, दहा दिवस माफ केले आहेत. म्हणजे भरायचे वीस दिवसांचे, 30,000. मी मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण एवढंही त्यांच्या हातात होतं म्हणून. चव्वेचाळीस दिवसांचे 66,000 होत होते, त्यातले 21,000 रजेने उतरवले, 15,000 माफीने.

आता वाटलं संपलं, तर अकाउंट्समध्ये अडलं. अंतिम हिशेबाचा मसुदा आला त्यात 30,000 वर 18 टक्के जीएसटी लावलेला, 5,400 जास्तीचे. तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, नोटीस सोडून देणं ही कंपनीने तुम्हाला दिलेली सेवा आहे. काही वर्षांपूर्वी खरंच असं मानलं जायचं आणि त्यावरून वादही झाले. पण केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात, क्रमांक 178/10/2022, स्पष्ट केलं आहे की नोटीस पुरी न करता जाणाऱ्याकडून घेतलेली रक्कम हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, तिच्यावर जीएसटी नाही. माझ्या चुलतभावाचं टिळकवाडीत करसल्ल्याचं काम आहे, त्याने ते छापून दिलं. मी वाद न घालता ते कागद टेबलावर ठेवले. दोन दिवसांनी 5,400 गेले.

दुसरं त्याच मसुद्यात होतं. मार्चच्या सात दिवसांचा माझा पगार होत होता दहा हजारांच्या आसपास, कपात तीस हजार. उरलेले वीस हजार त्यांनी ग्रॅच्युइटीतून वळते केले होते. बाबा हे बघून खवळलेच. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्यात ती रोखण्याची कारणं ठरवून दिलेली होती, नोटीस अपुरी राहणं त्यांत नव्हतं. मी सांगितलं, वीस हजार मी वेगळे भरते, ग्रॅच्युइटीला हात लावू नका. पैशाच्या दृष्टीने माझ्यासाठी दोन्ही सारखंच होतं. पण हिशेबात कपात वेगळी आणि पूर्ण दिसल्याशिवाय चाकणवाले ती भरून देणार नव्हते. वीस हजार बँकेतून पाठवले, पावती घेतली.

7 मार्चला संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना कुंदा वाटला. पैसे कुणी दिले विचारलं तर म्हणाले, तुझ्या माफ केलेल्या दहा दिवसांतून.

ग्रॅच्युइटीचे 1,05,000 दोन एप्रिलला जमा झाले. चाकणच्या कंपनीने तीस हजार एप्रिलच्या पगारात दिले, करपात्र उत्पन्न धरून. पीएफच्या नोंदीत बाहेर पडल्याची तारीख जुन्या कंपनीने मे महिन्यात भरली, तीही मी दोनदा आठवण केल्यावर. त्याशिवाय पीएफ इकडे सरकत नव्हता.

बैलहोंगलच्या पोराचा फोन एकदाच आला. मोठ्या कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली सापडत नव्हती. ती माझ्या पर्समध्ये होती. नवऱ्याने पुढच्या खेपेला नेऊन दिली.